शेपूट नव्हे, अख्खा वक्र

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुजी आढळली. खुजी म्हणजे वयाच्या मानाने ज्यांची उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी आहे. त्यावर एक विद्वत्तापूर्ण हरकत हमखास येते: घंटाकार वक्राला शेपूट असायचेच, मग एवढा गवगवा कशाला?

असायचेच, पण केवढे? मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन रंगवले तर ६८ टक्के बालके त्यात येतात, दोन-दोन रंगवली तर साडेपंचाण्णव. उरलेल्यांतील निम्मी खाली, म्हणजे सव्वादोन टक्के. तिथे साडेपस्तीस भरतात, तेव्हा वक्रच सरकलेला असतो. प्रसार तेवढाच धरला तर त्याचे शिखर १.६ विचलने खाली येते आणि मध्याहून उंच बालके शंभरात पन्नासऐवजी पाच उरतात. (वयाच्या चुकीच्या नोंदींमुळे मोजलेला प्रसार फुगतो, हे मान्य. तो दीडपट धरला तरी सतराच.)

मापदंड परकीय आहे म्हणावे, तर तो ज्या सहा देशांतील बालकांवरून बेतला त्यांत भारत आहे. दक्षिण दिल्लीतील सुखवस्तू घरांतली ती बालके इतरांइतकीच वाढली.

आणि उणे १.९ वर थांबलेल्या बालकाला मात्र आपण खुशाल ‘सामान्य’ म्हणतो.