मॅकडॉनल्ड्सने परवाना काढून घेतला, तरी दुकानं सुरू कशी राहिली?

नगरच्या सावेडीत किंवा शिर्डीच्या रस्त्यावर मोठ्या ब्रँडची पाटी लावून दुकान थाटणारा माणूस त्या नावाचा मालक नसतो. नाव, रंग, पाककृती हे सगळं त्याला करारापुरतं वापरायला मिळालेलं असतं. करार मोडल्याचं सांगून मालकाने परवानाच रद्द केला, तर काय होतं? देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मॅकडॉनल्ड्सचं आहे.

उत्तर आणि पूर्व भारतातली मॅकडॉनल्ड्स चालवणाऱ्या कंपनीत अमेरिकन कंपनी आणि दिल्लीचे उद्योजक विक्रम बक्षी यांची निम्मी-निम्मी भागीदारी होती. २०१३मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून हटवलं गेलं आणि वाद न्यायाधिकरणात पोहोचला. जुलै २०१७मध्ये बक्षी पदावर परतले. पुढच्याच महिन्यात, २१ ऑगस्टला, मॅकडॉनल्ड्सने १६९ दुकानांचे परवाने रद्द करणारी नोटीस काढली. थकलेली रक्कम आणि कराराचा भंग ही कारणं दिली. दोष सुधारण्याची संधी आधीच दिली होती, असंही कंपनीचं म्हणणं होतं.

वापर थांबवायला मुदत मिळाली १५ दिवसांची. थांबवायचं काय, तर नाव, ट्रेडमार्क, डिझाइन, जाहिरातीची पद्धत आणि खाद्यपदार्थांच्या पाककृतीसुद्धा. म्हणजे पाटी बदलून तोच बर्गर विकण्याची पळवाटही बंद. आज अशी नोटीस काढायची तर त्यात इन्स्टाग्राम पेज, गुगल मॅपवरचं नाव आणि झोमॅटोवरची नोंदही लिहावी लागेल. कारण ग्राहक आता पाटीआधी तिथेच नाव वाचतो.

सप्टेंबरमध्ये मुदत संपली, तरी दुकानं सुरूच राहिली. नोटिशीने परवानगी संपते. पाटी मात्र आपोआप उतरत नाही, पोलीसही ती उतरवायला लगेच येत नाहीत. परवानगीशिवाय नोंदणीकृत नाव वापरणं हा ट्रेडमार्क कायद्याचा भंग ठरतो, पण मनाईहुकूम मिळवायला जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयात जावं लागतं. इथे तर नोटिशीलाच आव्हान दिलं गेलं होतं.

खरा फटका बसला तो गोदामातून. डिसेंबर २०१७मध्ये माल पोहोचवणाऱ्या राधाकृष्ण फूडलँडने पुरवठा थांबवला आणि पूर्वेकडची दुकानं बंद पडू लागली. मग दुसरा पुरवठादार आला, तेव्हा तिथल्या पदार्थांच्या दर्जाची खात्री देता येत नाही, असं मॅकडॉनल्ड्सने जाहीर केलं. आपल्याच नावाच्या दुकानाबद्दल असं सांगायची वेळ ब्रँडवर क्वचितच येते.

मुंबई-पुण्यातल्या ग्राहकांना याची झळ लागली नाही, कारण पश्चिम आणि दक्षिण भारताचा परवाना हार्डकॅसल रेस्टॉरंट्स या वेगळ्या कंपनीकडे होता.

अखेर मे २०१९मध्ये तडजोड झाली आणि मॅकडॉनल्ड्सने बक्षींचा हिस्सा विकत घेतला. १५ दिवसांच्या मुदतीने सुरू झालेलं प्रकरण मिटायला पावणेदोन वर्षं लागली.