आधी रविवार ठरवा, मग वेळापत्रक

नीटचा निकाल लागतो, पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवलेली पाच-सहा मुले एकत्र येतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातला एखादा उत्साही मुलगा ग्रुपवर संदेश टाकतो. त्याचा मसुदा आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पहाटे पाचला उठायचे, पाच ते आठ भौतिकशास्त्र, नऊ ते बारा रसायनशास्त्र, दुपारी जीवशास्त्र, रात्री उजळणी, आणि अगदी शेवटी एक ओळ : ‘दर रविवारी टेस्ट घेऊ.’ खाली अंगठे उमटतात. पहिला रविवार उजाडतो तेव्हा पेपर कोणी काढायचा हे ठरलेले नसते, म्हणून टेस्ट सोमवारवर जाते आणि सोमवारी निम्म्यांचा धडा झालेला नसतो. श्रावण लागेपर्यंत ग्रुपवर उरतात ती सुप्रभाताची चित्रे. कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक आणि अभ्यासिका चालवणारे यांच्याकडे हा संदेश पाठवण्याआधी सल्ल्यासाठी येतो, निदान यायला हवा. तो आल्यावर आपण काय दुरुस्त करावे, याविषयी या अंकात लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एवढेच की हा संदेश उलट्या क्रमाने लिहिला जातो. त्यात तासांचा तपशील भरपूर असतो आणि टेस्ट शेपटासारखी मागे जोडलेली असते. क्रम उलटा केला पाहिजे. आधी रविवारचा पेपर पक्का करावा : कधी, किती प्रश्नांचा, कोणत्या भागावर, प्रश्न कोण देणार, चुका कधी पाहायच्या. त्या पेपरातून आठवड्याचे वेळापत्रक आपोआप निघते. कोण पहाटे उठतो आणि कोण रात्री जागतो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सहा जणांची झोप एका साच्यात बसवायला गेले की गट मोडतो. सहा जणांचा पेपर मात्र एक असू शकतो.

या आग्रहाला आधार आहे. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षणक्षेत्रात बराच चर्चिला गेला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उताऱ्याकडे न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. पाच मिनिटांनंतरचा आकडा आपल्या मुलांना रोज अनुभवाला येतो आणि तोच त्यांना फसवतो. एनसीईआरटीचे पान तिसऱ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते. ओकाझाकी तुकडे डीएनए लायगेज जोडते हे वाक्य खाली रेघ मारलेले असते, डोळ्यांना पाठ असते. पण चार पर्यायांत लायगेजशेजारी पॉलिमरेज दिसले की हात थबकतो. ओळखता येणे आणि आठवता येणे यांतले हे अंतर वाचनाने कळत नाही, विचारल्यावरच कळते. या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो गद्य उताऱ्यांवरचा होता, त्यात भौतिकशास्त्राची गणिते नव्हती. गणिते येण्यासाठी ती सोडवावीच लागतात, आणि टेस्ट हा त्या सरावाला पर्याय नाही. पण नीटच्या १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात आणि त्यांतला मोठा भाग थेट आठवणीवर चालतो. तेवढ्यापुरता हा पुरावा आपल्या कामाचा आहे.

आता प्रत्यक्ष पेपर. २०२५ पासून नीटमध्ये पर्यायी प्रश्नांचा विभाग गेला. १८० प्रश्न, १८० मिनिटे, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे प्रश्नामागे सरासरी एक मिनिट, आणि त्यातच ओएमआर पत्रिकेवरचा गोल बॉलपेनने भरायचा. सुरुवातीच्या महिन्यांत गटाने पूर्ण पेपराचा हट्ट धरू नये. ९० प्रश्न आणि ९० मिनिटे पुरेत, अर्धे जीवशास्त्र आणि उरलेल्यात भौतिकी व रसायन साधारण निम्मेनिम्मे. वेळ मात्र दुपारी दोनचीच ठेवावी, कारण खरी परीक्षा दोनला सुरू होते. जेवणानंतरच्या सुस्तीत डोके चालवायची सवय पहाटे पाचला उठून लागत नाही. उत्तरेही छापील ओएमआरवरच भरावीत. वहीत ‘क’ लिहिणे आणि योग्य ओळीतला योग्य गोल भरणे यांत जाणारा वेळ वेगळा, होणाऱ्या चुकाही वेगळ्या.

गट मोडतो तो बहुतेकदा पेपर काढण्यावरून. एकाने सगळा पेपर काढला तर त्याची त्या आठवड्याची टेस्ट बुडते आणि तिसऱ्या आठवड्यात तो कंटाळतो. त्यापेक्षा सहा जणांनी प्रत्येकी १५ प्रश्न द्यावेत, विषय दर आठवड्याला फिरवावेत आणि गुण मोजताना प्रत्येकाने आपले १५ वगळून उरलेले ७५ धरावेत. पंधरांपैकी आठ प्रश्न चालू आठवड्याच्या धड्यावर, सात किमान तीन आठवड्यांपूर्वी झालेल्या भागावर असावेत. हे सात प्रश्न गाळायचा मोह सर्वांना होतो, कारण त्यांनीच गुण खाली येतात. पण ते गाळले की टेस्ट पाच मिनिटांनंतरच्या आकड्यासारखी खोटे समाधान देते. प्रत्येक प्रश्नासोबत उत्तर आणि पाठ्यपुस्तकाचे पान द्यायचे. पान सापडत नसेल तर प्रश्न बाद, हा नियम विशेषतः जुन्या प्रश्नपत्रिकांवरून उचलेगिरी करणाऱ्यांसाठी. २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झाला. घन अवस्था, बहुवारिके, पचन व शोषण हे धडे त्यातून गेले, पण जुन्या पेपरांत आणि बाजारातल्या प्रश्नसंचांत ते अजून आहेत. प्रश्न गुरुवारी रात्रीपर्यंत मुलांच्या ग्रुपवर न टाकता आपल्याकडे, म्हणजे शिक्षकाकडे किंवा अभ्यासिका-चालकाकडे यावेत. एकत्र करून छापण्याचे काम आपले. आठवड्याला तासाभराचे हे काम आपण पत्करले नाही, तर बाकीची योजना कागदावरच राहते.

पेपरनंतर काय, हे संदेशात सहसा नसतेच, आणि टेस्टचे खरे मोल तिथे आहे. समजा, एका मुलीने ७५ पैकी ४५ प्रश्न बरोबर सोडवले, २२ चुकले, आठ सोडले. गुण झाले १८० वजा २२, म्हणजे ३०० पैकी १५८. या आकड्यावरून तिने पुढच्या आठवड्यात काय करावे हे काहीच कळत नाही. आता त्या २२ चुकांसमोर तिने कारण लिहावे. सात ठिकाणी उत्तर येत होते, पण ‘चुकीचे विधान निवडा’ याऐवजी बरोबर विधान निवडले गेले, किंवा सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले. नऊ ठिकाणी वाचलेले आठवले नाही. सहा ठिकाणी मुळात समजलेच नव्हते. पहिल्या सातांना अभ्यासाची गरज नाही. प्रश्नातल्या नकाराखाली रेघ आणि एककाभोवती गोल काढायची सवय हवी. ते सात सुधारले तर प्रत्येकी पाच गुणांनी बेरीज १९३ होते, एकही नवे पान न वाचता. नऊ प्रश्न तीन आठवड्यांनी पुन्हा पेपरात यावेत. सहा प्रश्न आपल्याकडे यावेत, कारण सहाध्याय्याला तेवढ्या चांगल्या रीतीने ते समजावता येतीलच असे नाही. तिचे पुढचे वेळापत्रक ते हेच, आणि ते शेजारच्या मुलाचे असणार नाही. एक खबरदारी हवी : पेपर सोडवतानाच अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे ठिपका करावा. ठिपका असलेले बरोबर उत्तरही आठवले नाही असेच धरायचे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की मुले क्लासला जातात, तिथे दर आठवड्याला टेस्ट असतेच. असेल तर दुसरी टेस्ट अजिबात घेऊ नये. गटाने क्लासचाच पेपर धरावा आणि चुकांची कारणे पाहायला सोमवारी बसायची बैठक तेवढी आपली ठेवावी, कारण क्लासमध्ये गुणांची यादी लागते, पण चुकांची कारणे विचारायला कोणाला सवड नसते. दुसरा आक्षेप, गटातली मुले एकाच पायरीवर नसतात. कोणी बारावी देत असतो, कोणी दुसऱ्यांदा बसलेला असतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वेळापत्रकाने उत्तर मिळत नाही. ज्याला डिसेंबर-जानेवारीत प्रात्यक्षिके आणि बोर्डाची तयारी आहे त्याने वेगळ्या गटात जावे, हे पहिल्याच दिवशी सांगणे बरे. तिसरा, गुणांच्या तुलनेने मागे पडणारा खचतो. म्हणून ग्रुपवर गुण टाकूच नयेत. बैठकीत ज्याचा प्रश्न चुकला त्याने आपण काय विचार करून ते उत्तर दिले ते सांगावे, इतरांनी चूक कुठे झाली ते शोधावे. दीड तास पुरतो. त्याहून लांबलेली बैठक गप्पांकडे वळते.

तेव्हा आपल्याकडे आलेला मसुदा दुरुस्त होऊन साधारण असा निघावा : ‘रविवार दुपारी दोन ते साडेतीन, ९० प्रश्न, ओएमआरवर. प्रत्येकाचे १५ प्रश्न उत्तर आणि पानासह गुरुवारी रात्री नऊपर्यंत सरांकडे. या आठवड्याचा भाग : जैविक रेणू, रासायनिक बंध, गतीचे नियम, जुना भाग सोबत जोडलाय. सोमवारी संध्याकाळी सहाला चुका. गुण कोणी टाकायचे नाहीत. सलग दोन गुरुवारी ज्याचे प्रश्न येणार नाहीत, तो पुढच्या महिन्यापर्यंत गटाबाहेर. अभ्यास कधी करायचा ते ज्याचं त्यानं बघावं.’ यातला गटाबाहेर काढण्याचा नियम मुलांना कठोर वाटतो आणि ते तो खोडून पाठवतात. तो ठेवायला लावा. प्रश्न न देता पेपर सोडवणारा एक जण खपवून घेतला की पुढच्या गुरुवारी तिघांचे प्रश्न येत नाहीत.

जूनमध्ये असे मसुदे आपल्याकडे येतील, तेव्हा त्यातले पहाटेचे तास वाचत बसू नका. रविवारचे प्रश्न कोण देणार आणि ते कोणाकडे यायचे, एवढे पाहा. ते लिहिलेले नसेल तर संदेश ग्रुपवर जाऊ देऊ नका. मुलांना समोर बसवून ती दोन वाक्ये लिहून घ्या.