पाठवण्याआधीचे चार श्वास

१३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुने शहर भागात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला. नववीच्या वर्गात जीवनकौशल्ये शिकवायची तर प्रसंग इथूनच घ्यावा. दोन मुलांनी तो वठवावा: तसाच भडक मजकूर पुढे पाठवायला सांगत एक मुलगा म्हणतो, ‘पाठव ना बे, सगळ्यांनी पाठवलं!’ दुसऱ्याने आधी स्वतःची धडधड ओळखावी, चार संथ श्वास घ्यावेत, पाठवलं तर काय आणि नाही तर काय, हे मोठ्याने बोलावं, मग मैत्री न तोडता नकार द्यावा. नंतर भूमिका बदलाव्यात. शिक्षकांनी बरोबर उत्तर आधीच सांगितलं, की मुलं तेच घोकतात. मित्राने ‘भित्रा’ म्हटल्यावरही नकार टिकतो का, हे पाहावं. महिन्याभराने, पूर्वसूचना न देता, पुन्हा पाहावं.