अर्जातील चार ओळी

नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगाम संपला की हिशेबनिसाची गरजही पुष्कळदा संपते. त्यामुळे येथील वाणिज्य पदवीधराच्या अर्जात पाच महिन्यांची नोकरी दिसली, तर तो दोष मानण्याचे कारण नाही. परंतु धुळ्याचा वा पुण्याचा मालक हे जाणत नाही. त्याला केवळ तारखा दिसतात.

समजा, एका तरुणाने तीन वर्षांत तीन नोकऱ्या केल्या आहेत. अनेकजण अशा वेळी सर्वांत लहान नोकरी अर्जातून गाळतात. ते धोक्याचे आहे. भविष्य निर्वाह निधी कापला गेला असेल, तर यूएएन क्रमांकाखाली प्रत्येक आस्थापनेत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि पडताळणीत ती उघड होते. मग पाच महिन्यांची नोकरी क्षम्य ठरते, लपवणे मात्र ठरत नाही. दुसरी चूक म्हणजे ‘मला नवनवीन आव्हाने आवडतात’ हे वाक्य. ते वाचणाऱ्याला एवढेच कळते की हा गृहस्थ येथूनही लवकरच जाईल.

ईमेलमध्ये आधी कामाची पात्रता यावी. खुलासा त्यानंतर, एकाच परिच्छेदात, असा:

‘पहिली नेमणूक मिरचीच्या हंगामापुरती, पाच महिन्यांची होती व ठरल्याप्रमाणे संपली. सुरतेच्या कापड पेढीत चौदा महिने काम केले; अधिक वेतनासाठी ती नोकरी मी स्वतःहून सोडली. नाशिकची नोकरी वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे सात महिन्यांत सोडावी लागली. आता ते बरे असून मी बाहेरगावी राहू शकतो. तिन्ही ठिकाणी खाती जुळवून कार्यभार सोपवला आहे. कार्यमुक्तीपत्रे सोबत जोडली आहेत.’

येथे तीन कारणे तीन प्रकारची आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली नाहीत. वेतनासाठी सोडल्याचे स्पष्ट सांगितल्यामुळे उरलेल्या दोन कारणांवर विश्वास बसतो. जुन्या मालकाविषयी तक्रारीचा शब्द नाही, क्षमायाचनाही नाही. आजारपणाचा तपशील वाढवलेला नाही. ती अडचण आता उरलेली नाही, हे मात्र सांगितले आहे, कारण वाचणाऱ्याला पुढचीच चिंता असते.

खरा भार शेवटून दुसऱ्या वाक्यावर आहे. हिशेबनीस चौदा महिन्यांनी गेला, याचे पेढीला फारसे दुःख नसते. तो ऐन मार्चअखेरीस, ताळेबंद अर्धा टाकून आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायचे ठेवून गेला, तर वर्षभराची घडी विस्कटते. अर्जदाराने हीच भीती दूर करावयाची असते.

अर्थात हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. एखाद्या ठिकाणी सूचनाकाळ पूर्ण न करता नोकरी सोडली असेल, तर ‘तिन्ही ठिकाणी’ऐवजी ‘सुरत व नाशिक येथे’ असे लिहावे, आणि उरलेल्या ठिकाणाविषयी मुलाखतीत विचारतील हे गृहीत धरून खरे उत्तर तयार ठेवावे. नवा मालक जुन्या पेढीला एक फोन करणारच, आणि खानदेशात व्यापाऱ्यांची ओळख निघायला वेळ लागत नाही.