तपाच्या पत्रिकेत चेहरा आणि पत्ता एकत्र नको



पर्युषण जवळ आले की कर्जत काय, खोपोली काय, आपल्या ग्रुपवर अनुमोदनेच्या पत्रिका यायला लागतात. कुणाची पहिली अठाई, कुणाच्या नातवाचा पहिला उपवास. बघून मन भरून येते. पण या पत्रिका कशा बनतात आणि त्यासाठी मुलांचे फोटो कुठे-कुठे फिरून येतात, याबद्दल माझे मत आज स्पष्टच लिहिते.

समजा, दहिवलीत राहणाऱ्या सहावीतल्या एका मुलीने अठाई केली. आई शाळेच्या गणवेशातला एक छान हसरा फोटो निवडते आणि पत्रिका बनवणाऱ्याला पाठवते. फोटो जरा अंधुक असतो, म्हणून तो मुलगा फुकटच्या वेबसाइटवर टाकून स्वच्छ करून घेतो. दुसऱ्या साइटवर मागची भिंत काढतो. तिसऱ्या साइटवर तयार डिझाइनमध्ये फोटो बसवून मजकूर लिहितो: मुलीचे पूर्ण नाव, आजोबांचे नाव, मूळ गाव, बिल्डिंग आणि विंग, पारण्याची तारीख-वेळ, खाली पप्पांचा मोबाइल. म्हणजे एक चेहरा तीन अनोळखी कंपन्यांकडे गेला आणि शेवटच्या ठिकाणी तर पत्त्यासकट गेला. आईने कुठेच अपलोड केले नाही, तरी सगळे अपलोड झाले.

‘आपल्याच समाजात तर जाते, त्यात लपवायचे काय?’ असे पुष्कळ जणी म्हणतात. समाजाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण अपलोड केलेली प्रत समाजात राहत नाही, ती त्या साइटच्या सर्व्हरवर राहते. ती किती दिवस ठेवतात, त्यावर आपले संगणक शिकवतात का, हे त्यांच्या अटींच्या लांबलचक पानात असते आणि फुकटच्या साइटचे ते पान कुणीच वाचत नाही.

एकदा बाहेर गेलेले फोटो कुठे पोहोचतात, याचे एक उदाहरण सांगते. 2024 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने लायन-5बी नावाचा प्रचंड संग्रह तपासला. चित्रे बनवणाऱ्या एआयला शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या साधारण 585 कोटी चित्रांच्या लिंक त्यात होत्या. संस्थेने त्यातला अगदी नगण्य भाग पाहिला, तरी ब्राझीलच्या 170 आणि ऑस्ट्रेलियाच्या 190 मुलांचे फोटो सापडले. ऑस्ट्रेलियातल्या एका फोटोत तीन आणि चार वर्षांची दोन मुले होती. फोटोसोबतच्या मजकुरात त्यांची पूर्ण नावे, वय आणि बालवाडीचे नावसुद्धा होते. हे फोटो लोकांनी ब्लॉगवर, शाळेच्या पानावर टाकलेले होते, एडिटिंगच्या साइटवर नव्हे. हा फरक आहे. पण त्यातून शिकायचे तेच आहे: नुसता चेहरा म्हणजे एक चेहरा, आणि चेहऱ्याला नाव व जागा चिकटली की ते मूल शोधता येते. आपली पत्रिका नेमके हेच चिकटवते.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की चेहरा आणि ओळख एकाच वेळी ऑनलाइन साधनात जाऊ नयेत. आणि जे झाकायचे ते अपलोड करण्याच्या आधी झाकायचे. साइटवर फोटो टाकून मग तिथेच शाळेचे नाव ब्लर केले तर आपल्याला ते दिसत नाही, पण साइटकडे मूळ फोटो आधीच पोहोचलेला असतो.

आता तोच गणवेशातला फोटो घ्या. आधी फोनच्याच गॅलरीत तो क्रॉप करा. खांद्याच्या खाली कापले की खिशावरचा शाळेचा बिल्ला आणि गळ्यातले आयकार्ड निघून जाते. मागे बिल्डिंगची पाटी, स्कूटरचा नंबर किंवा स्टेशनचा फलक असेल तर कडेनेही कापा. बाजूला दुसऱ्याचे मूल उभे असेल तर तेही कापा, कारण त्याच्या आईला आपण विचारलेले नाही.

जे कापता येत नाही ते झाका. इथे हलका ब्लर पुरत नाही. पुसट केलेली अक्षरे आणि आकडे बऱ्याचदा ओळखता येतात. हायलायटर पेनने काळे केले तर ब्राइटनेस वाढवल्यावर खालचे दिसू शकते. त्यापेक्षा पूर्ण भरीव रंगाचा चौकोन ठेवा.

मग या कापलेल्या, झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि फक्त तोच पुढे द्या. याची दोन कारणे आहेत. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते लपलेले असते. घरी काढला असेल तर घराची जागाच त्यात असते, ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. दुसरे म्हणजे, कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो. 2023 मध्ये पिक्सेल फोनमधल्या एडिटरमध्ये असा दोष उघड झाला होता, कापलेल्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग परत मिळवता येत होता. तो दोष नंतर दुरुस्त झाला, पण कापून झाल्यावर नवा स्क्रीनशॉट घेण्याची सवय चांगलीच. त्याची एक मर्यादा मात्र आहे: मोठ्या फ्लेक्ससाठी स्क्रीनशॉट फाटका दिसतो. तेव्हा मूळ फोटो पेनड्राइव्हवर द्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरच काम करायला सांगा.

नावाचे काय? पत्रिका बनवणाऱ्याला नावाची जागा मोकळी ठेवायला सांगा. तयार चित्र आले की फोनच्या गॅलरीतच मजकूर लिहिता येतो. तिथेही मुलीचे पहिले नाव आणि आजोबांचे नाव पुरे. पारण्याचा पत्ता-वेळ वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा, मोबाइल नंबरही तिथेच. अनुमोदना करायला विंग आणि फ्लॅट नंबर लागत नाही.

काही फोटो मात्र कापून-झाकूनही देऊ नयेत, असे मला वाटते. पूजेच्या वस्त्रातल्या मुलांचे फोटो आपल्याला पवित्र वाटतात, पण उघड्या खांद्याचा, छातीचा फोटो परक्याच्या हाती वेगळाच वापरला जाऊ शकतो. आंघोळीचे, पोहण्याचे फोटो तर नाहीच. आणि ज्या साधनाला चेहराच हवा असतो, म्हणजे मुलीला कार्टून करा, मोठेपणी कशी दिसेल ते दाखवा, तिथे झाकण्यासारखे काही उरत नाही. तिथे उत्तर एकच, नको.

कायदाही हा निर्णय पालकांकडेच देतो. आपल्या देशाच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण ही अट पाळायला कंपन्यांना 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर, आणि त्यानंतरही, पत्रिका बनवणारा आपल्या वतीने ‘आय ॲग्री’ दाबतो, हे मला पटत नाही.

तरीही कुणा मुलीचा बिघडवलेला फोटो समोर आला तर ‘बघा काय केले’ म्हणत ग्रुपवर पाठवू नका. मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. लिंक, खात्याचे नाव, तारीख लिहून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. तिथे मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलांसाठी 1098 हा नंबर आहेच.

यंदा पत्रिकेचा फोटो पाठवण्याआधी तो एकदा मोठा करून बघा. बिल्ला, पाटी, नंबर काय दिसते ते शोधा, आणि दिसले की आधी कापा.