आजीची दुसरी गोळी

विहारातल्या शिबिरात जिना चढून आल्या आल्या आजीचा रक्तदाब मोजला, तो 170/100 भरला. घाबरून आजीने घरी अम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी एकाऐवजी दोन घ्यायला सुरुवात केली. पाचव्या सकाळी मोरीकडे जाताना चक्कर येऊन ती पडली. दवाखान्यात दाब भरला 100/60.

डॉक्टर म्हणाले, "आजी, दम लागलेला असताना दाब जास्तच दिसतो. पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजायचा आणि आठवडाभर वहीत लिहायचा. या गोळीचा पुरा गुण यायलाच आठवडा लागतो. गोळी वाढवायची की नाही, ते वही बघून मी सांगेन. मात्र छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तर तडक दवाखान्यात यायचं."

आता नात वही लिहिते आणि आजी एकच गोळी घेते.