हळदीचे गिऱ्हाईक फोनवर विचारते तेव्हा



ढाणकी-उमरखेड भागात आपण हळद पिकवतो. काही घरी आता ती दळून पुड्या भरतात व फोटो फोनवर टाकतात. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक भाव विचारते. आपण हळद शिजवण्यात गुंतलेलो, उत्तर जाते तिसऱ्या दिवशी. तोवर त्याने दुसरीकडून घेतलेली असते.

तरीही ‘लगेच उत्तर’ असा नियम करू नका, कढईजवळ तो टिकत नाही. सकाळी 7, दुपारी 1 आणि रात्री 8 या तीन वेळा ठरवा. दिवसाच्या निरोपाला त्याच दिवशी आणि रात्रीच्या निरोपाला सकाळी उत्तर जाते. हे काम घरातल्या एकाकडेच द्या. दोघे बसले, की एक जण भाव 240 सांगतो आणि दुसरा 260!

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायाच्या अ‍ॅपमध्ये `Away message` अशी सोय आहे. त्यात लिहून ठेवा: ‘नमस्कार. आम्ही शेतात आहोत. रात्री 8 वाजता उत्तर देतो.’ पण फोनला इंटरनेट नसेल, तर हा निरोप जात नाही. म्हणून ज्या शिवारात रेंज नाही तिथे फोन नेऊ नका, घरी ठेवा.

फोटोखाली कोणी भाव विचारला, तर तिथेच सांगा, म्हणजे इतरांनाही कळेल. पत्ता व फोन नंबर मात्र खासगी निरोपातच मागवा. नावावरून बाई की पुरुष कळले नाही, तर ताई-दादा न म्हणता नुसते ‘नमस्कार’ लिहावे.

खरी कसोटी तक्रारीची. समजा, एका ताईंनी सगळ्यांदेखत लिहिले, ‘हळद फिकी आहे, भेसळ आहे का?’ ‘आमच्याकडे भेसळ नसते, तुम्हाला पारख नाही,’ असे उत्तर दिले की वाचणारा प्रत्येकजण दूर जातो. तक्रार पुसून टाकली तर संशय वाढतो. त्याऐवजी लिहा: ‘ताई, कळवलेत ते बरे केले. पुडीचा व दळणाच्या तारखेचा फोटो खासगी निरोपात पाठवा. आज रात्री 8 पर्यंत सांगतो.’

आता 8 च्या आत शोध घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक दळणाची एक पुडी तारीख घालून बंद डब्यात ठेवलेली हवी. ती उघडून पाहा. तिचा रंग चांगला असेल, तर ताईंना पुडी कुठे ठेवली होती ते विचारा. उन्हात हळदीचा रंग उडतो, हे आरोप न करता सांगा. डब्यातलीही फिकी निघाली, तर दोष आपल्या वाळवणीत किंवा साठवणीत आहे. तसे स्पष्ट लिहा, त्या दळणाची विक्री थांबवा आणि दुसरी पुडी पाठवा. पोस्टात टाकल्यावरच ‘पाठवली’ असे लिहावे.

शेवटी ताईंना विचारून मूळ तक्रारीखाली एक ओळ टाका: ‘ताईंना दुसरी पुडी पाठवली आहे.’ कारण तक्रार सगळ्यांनी वाचलेली असते, तिचा निकाल मात्र खासगी निरोपातच राहून जातो.